मॉनिटरच्या कोपऱ्यात झाक दिसते तेव्हा : फोटो संपादन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

करड्या कागदाच्या पार्श्वभूमीवर मांडलेल्या पितळी समयांची बारा छायाचित्रे मी एका कॅटलॉगसाठी संपादित करत होतो. प्रत्येक चित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात कागदावर हलकी गुलाबी झाक दिसत होती. शेजारच्या विटकरी भिंतीचा रंग कागदावर उतरला असावा असे मी गृहीत धरले, त्या कोपऱ्यावर ग्रेडियंट ओढून टिंट हिरव्याकडे सरकवला आणि तीच दुरुस्ती बाराही चित्रांना लावली. प्रिंट हातात आले तेव्हा प्रत्येक समईच्या उजवीकडचा कागद शेवाळल्यासारखा दिसत होता. गुलाबी झाक कागदावर कधीच नव्हती. ती माझ्या मॉनिटरच्या कोपऱ्यात होती. विशेष म्हणजे तो मॉनिटर मी आठवड्यापूर्वीच कॅलिब्रेट केला होता.

नव्याने काम सुरू करणाऱ्याची गफलत नेमकी इथे होते. कॅलिब्रेशन करताना मोजणीचे उपकरण पडद्याच्या मध्यावर टेकवले जाते आणि तिथल्या मोजमापांवरून एकच प्रोफाइल तयार होते. ते प्रोफाइल पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलला सारखेच लागू होते, कारण रंगाची ही व्यवस्था फक्त रंगाचा आकडा पाहते. तो रंग पडद्यावर कुठे दाखवला जाणार आहे हे तिला ठाऊक नसते. त्यामुळे मध्यभाग कितीही अचूक झाला तरी मध्य आणि कोपरा यांच्यातला फरक कॅलिब्रेशननंतरही जवळजवळ जसाच्या तसा राहतो.

हा फरक मुळात येतो कुठून हे थोडक्यात पाहू. एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. बहुतेक मॉनिटरमध्ये पांढऱ्या एलईडींची पट्टी एका किंवा दोन कडांना बसवलेली असते आणि तिचा उजेड एका पारदर्शक जाड पत्र्यातून व प्रसारक थरांतून संपूर्ण पडद्यामागे पसरवला जातो. हे पसरणे कधीच पूर्ण समान होत नाही, त्यामुळे कोपरे सहसा मंद असतात. शिवाय हे पांढरे एलईडी म्हणजे मुळात निळे एलईडी असून त्यांच्यावर फॉस्फरचा थर दिलेला असतो. त्या थरातला फरक, द्रवस्फटिकाच्या थराची कमीजास्त जाडी आणि वरच्या थरांमधले बारीक फरक यांमुळे एक बाजू गुलाबीकडे आणि दुसरी हिरवट किंवा पिवळसर बाजूला झुकते. मंद कोपरा आणि रंगीत कोपरा ही अशी दोन वेगळी दुखणी आहेत, आणि फोटोच्या कामात दुसरे अधिक त्रास देते. मध्याकडून कडेकडे हळूहळू उतरत जाणारा उजेड आपला डोळा सहज माफ करतो, पण करड्या रंगावरची झाक, विशेषतः शेजारी स्वच्छ करडा असताना, तो चटकन पकडतो.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

मॉनिटर सुरू करून किमान अर्धा तास तापू द्या. नाइट लाइटसारखी रात्री पडदा पिवळा करणारी सोय, खोलीच्या उजेडानुसार रंग बदलणारी सोय आणि मॉनिटरमधील डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. पडद्यावर खिडकीचा उजेड किंवा रंगीत कापडी पडद्याची छाया पडत नाही ना, हेही पाहा. मोरपिशी पडद्याशेजारी ठेवलेला मॉनिटर एका बाजूने निळसर दिसला तर त्यात मॉनिटरचा काहीच गुन्हा नसतो.

आता संशयित छायाचित्र उघडा आणि ते १८० अंशांत फिरवा. झाक चित्राबरोबर फिरून वरच्या डाव्या कोपऱ्यात गेली, तर ती चित्रातच आहे. चित्र उलटे होऊनही झाक पडद्याच्या त्याच कोपऱ्यात राहिली, तर ती पडद्याची आहे. या चाचणीला पैसा लागत नाही, अर्धे मिनिट पुरते, आणि समयांच्या वेळी मी ती केली असती तर प्रिंटचा खर्च वाचला असता.

चाचणीच्या निकालाला आकड्यांची जोड द्या. फोटोशॉपमध्ये Info पॅनेल उघडून कर्सर त्या कोपऱ्यातल्या करड्यावर न्या. लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर तिथला करडा तटस्थ आहे, डोळ्यांना काहीही दिसो. माझ्या मूळ फाइलमध्ये त्या जागी २०१, २००, २०१ असे आकडे होते; मी ‘दुरुस्त’ केल्यानंतर ते १९७, २०३, १९६ झाले होते. प्रिंटमध्ये दिसलेला हिरवटपणा आकड्यांत आधीच लिहिलेला होता, मी फक्त तो वाचला नव्हता.

झाक खरी आहे की कोनाची?

दोष पडद्याचा आहे हे कळल्यावर आणखी एक फाटा फोडावा लागतो. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंटीमीटर रुंद असतो. त्याच्यासमोर ५० सेंटीमीटरवर बसल्यास डावी-उजवी कड आपण सुमारे ३१ अंशांच्या तिरक्या कोनातून पाहतो, आणि तिरक्या कोनातूनही रंग टिकवण्यासाठी ओळखले जाणारे आयपीएस पॅनेलसुद्धा तसे पाहिल्यावर थोडे बदलते. गडद चित्रांत कोपऱ्यांवर राखेसारखी चमक दिसते ती बहुतेक वेळा अशीच कोनामुळे आलेली असते. डोके डावीउजवीकडे हलवले की तीही हलते, आणि मागे सरकल्यावर ओसरते.

म्हणून संपादनाच्या प्रोग्राममध्ये १२८, १२८, १२८ या आकड्यांचा एकसलग करडा भरून तो पूर्ण पडद्यावर दाखवा आणि दोन-तीन मीटर मागे जाऊन पाहा. तिथून सगळा पडदा जवळजवळ समोरून दिसतो. या अंतरावरही जी झाक टिकून राहते ती खरी. जी नाहीशी होते तिच्यावर मॉनिटरमधील कोणतीही सोय उपाय करू शकत नाही, पण खुर्ची करू शकते. ५० ऐवजी ७५ सेंटीमीटरवरून पाहिल्यास कडेचा कोन ३१ वरून सुमारे २२ अंशांवर येतो, आणि अनेकांची तक्रार तिथेच संपते.

या चाचणीचा फोटो काढून कुणाला दाखवायचा असेल तर एक सावधगिरी बाळगा. मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत लेन्सचे स्वतःचे मंद कोपरे आणि तिरका कोन दोन्ही मिसळतात, आणि चांगला पडदाही भयंकर दिसतो. कॅमेरा तिवईवर लावून दूर जा, झूम करा, एफ/८ च्या आसपास ठेवा, पडदा चौकटीच्या मध्यातच राहू द्या आणि शटर १/१५ सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा, म्हणजे बॅकलाइटच्या लुकलुकण्याचे पट्टे उमटणार नाहीत.

पडद्याचा नकाशा काढा

कलरीमीटर, म्हणजे कॅलिब्रेशनसाठी पडद्यावर टेकवायचे ते मोजणीचे उपकरण, असेल तर अंदाजावर थांबण्याचे कारण नाही. डिस्प्लेकॅल या मोफत प्रोग्राममध्ये `Tools` → `Report` → `Measure display device uniformity…` अशी सोय आहे. ती पडद्याचे चौकोनी खाने पाडते. नवख्याला ५ × ५ म्हणजे पंचवीस खाने पुरेसे होतात. प्रत्येक खान्यावर उपकरण टेकवून मोजणी घ्यायची असते. खोली अंधारी करा आणि पडदा किंचित मागे कलवा, म्हणजे उपकरण स्वतःच्या वजनाने काचेला सपाट टेकेल. कडेच्या खान्यांवर ते थोडे जरी तिरके बसले तरी बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा बिघडतो. शंका आली तर तो खाना पुन्हा मोजा. दोन वेळच्या आकड्यांत मोठी तफावत आली तर दोष पॅनेलचा नसून तुमच्या हाताचा आहे.

अहवालात प्रत्येक खान्यासाठी दोन गोष्टी पाहायच्या : मध्याच्या तुलनेत उजेड किती टक्के कमी आहे, आणि उजेडाचा फरक बाजूला ठेवून केवळ रंग किती सरकला आहे. रंगाच्या फरकाचा हा आकडा डेल्टा सी या नावाने येतो. माझ्या मॉनिटरवर मध्यभागी पांढऱ्याचा उजेड १२० कँडेला प्रति चौरस मीटर होता, डाव्या वरच्या कोपऱ्यात ११२ आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात ९८. म्हणजे तो कोपरा १८ टक्के मंद होता. छायाचित्रकाराच्या भाषेत हा फरक सुमारे ०.३ स्टॉपचा होतो, आणि एखाद्या चित्रातले व्हिग्नेटिंग घालवायला निघालेला माणूस तो कोपरा नकळत तितकाच जास्त उजळून टाकू शकतो. त्याच कोपऱ्यात रंगाचा फरक ४.५ होता आणि तो गुलाबीकडे झुकलेला होता. डावी बाजू किंचित हिरवट होती, पण तिचा फरक २ च्या आतच होता.

माझा व्यवहारातला आडाखा असा आहे : उजेडाचा फरक १० टक्क्यांच्या आत आणि रंगाचा २ च्या आत असेल तर तो खाना विसरून जा. रंगाचा फरक ४ च्या पुढे गेला तर त्या भागात रंगाचा एकही निर्णय घेऊ नका. या दोन्हींच्या मधल्या आकड्यांचे उत्तर कामावर अवलंबून आहे. गर्दीच्या बाजाराचे चित्र तेवढा फरक सहज पचवते, पण धुके, मोकळे आभाळ किंवा स्टुडिओतला सपाट कागद पचवत नाही.

मॉनिटरमधील भरपाईची सोय

छायाचित्रणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक मॉनिटरांत हा फरक भरून काढण्याची सोय असते. डेलच्या काही अल्ट्राशार्प आणि असूसच्या काही प्रोआर्ट मॉनिटरांच्या मेन्यूत ती `Uniformity Compensation` या नावाने सापडते. आयझोच्या कलरएज मालिकेत तिचे नाव डिजिटल युनिफॉर्मिटी इक्वलायझर असे आहे. कारखान्यात त्या विशिष्ट पॅनेलची जागोजागी मोजणी करून दुरुस्तीचा तक्ता मॉनिटरच्या आत साठवलेला असतो, आणि प्रत्येक भागातला लाल, हिरवा व निळा त्या तक्त्यानुसार स्वतंत्रपणे कमी केला जातो.

‘कमी केला जातो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पिक्सेल पूर्ण उघडल्यावर त्यातून आणखी उजेड सोडता येत नाही, त्यामुळे मंद कोपरा उजळणे शक्य नसते. उरलेला सगळा पडदा त्याच्या पातळीला उतरवावा लागतो. पंगतीत वाढप संपले असताना सगळ्यांना सारखे द्यायचे, तर ज्यांच्या पानात जास्त आहे त्यांच्याकडूनच काढावे लागते, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे या सोयीची किंमत मोजावी लागते, आणि ती किती हे स्वतः मोजून पाहिलेले बरे.

माझ्या मॉनिटरवर सोय बंद असताना १२० च्या पांढऱ्याबरोबर काळा ०.१२ येत होता, म्हणजे कॉन्ट्रास्ट १०००:१ होता. सोय सुरू केल्यावर पांढरा ९६ वर उतरला. काळा मात्र तिथेच राहिला, कारण बंद पिक्सेल आणखी बंद करता येत नाही. पांढरा पुन्हा १२० वर आणण्यासाठी बॅकलाइट वाढवला, तेव्हा काळाही ०.१५ वर चढला आणि कॉन्ट्रास्ट ८००:१ झाला. कोपरा मात्र ९८ वरून ११७ वर आला आणि रंगाचा फरक ४.५ वरून १.५ झाला. छापायच्या चित्रांसाठी हा सौदा मी बिनदिक्कत करतो, कारण कागदाचा स्वतःचा कॉन्ट्रास्ट ८००:१ च्या जवळपासही जात नाही. रात्रीच्या शहराची किंवा रंगमंचावरची छायाचित्रे मुख्यतः पडद्यावरच दाखवायची असतील, तर मात्र मी सोय बंद ठेवतो. आयझोच्या मेन्यूत `DUE Priority` या नावाखाली `Uniformity` आणि `Brightness` असे दोन पर्याय दिसतात, ते याच देवाणघेवाणीसाठी आहेत.

सोय वापरताना क्रम चुकवू नका. आधी भरपाई सुरू करा, मग अर्धा तास थांबा, मग उजेड ठरवा आणि शेवटी कॅलिब्रेशन करा. क्रम उलटा झाला, म्हणजे कॅलिब्रेशननंतर सोय सुरू केली, तर मध्यभागाचा पांढराही बदलतो आणि नुकतेच बनवलेले प्रोफाइल निरुपयोगी ठरते. काही मॉनिटरांत ही सोय ठरावीक रंगमोडमध्येच चालते, तर काहींत ती सुरू असताना उजेडाचे नियंत्रण बंद होते. पर्याय फिका दिसून निवडता येत नसेल, तर मॉनिटर बिघडला असे समजण्याआधी मोड बदलून पाहा आणि उजेड आपोआप बदलणाऱ्या सोयी बंद करा.

कॅलिब्रेशन झाल्यावर पंचवीस खाने पुन्हा मोजा. ही पायरी लोक कंटाळून गाळतात, आणि नेमके तिथेच कळते की सोय सुरू असूनही एखादा कोपरा हट्टाने गुलाबीच राहिला आहे. तक्ता कारखान्यातला असतो, तर बॅकलाइट वर्षानुवर्षे वापरून मंदावत आणि रंग बदलत जातो; जुन्या मॉनिटरवर ही दुरुस्ती अपुरी पडते, क्वचित नव्या जागी चुकीची झाकही आणते. तसे झाले तर सोय बंद करून मोजलेले आणि सुरू करून मोजलेले असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवा आणि कामाच्या मध्यभागासाठी जो बरा असेल तो ठेवा.

सोय नसेल तेव्हा

बहुतेक नवख्यांच्या मॉनिटरमध्ये असली सोय नसते, आणि त्यासाठी लगेच नवा मॉनिटर घ्यावा असे मला वाटत नाही. पडद्याचा चांगला भाग कोणता हे एकदा कळले की काम त्या भागात सरकवता येते. माझ्या जुन्या मॉनिटरवर मधला दोन-तृतीयांश भाग उत्तम होता. फोटोशॉपमधली पॅनेले हलवता येतात, म्हणून मी ती सगळी उजव्या बाजूला रचली. त्याच्या उजव्या कडेची झाक मग साधनांच्या यादीवर पडे, आणि तिथे ती कुणाचेही नुकसान करत नसे. चित्र पूर्ण पडद्यावर पसरवण्याचा मोह मी फक्त शेवटी, रचना पाहण्यापुरता ठेवतो. व्हाइट बॅलन्स, त्वचेचा रंग आणि सपाट पार्श्वभूमी यांचे निर्णय घेताना चित्र सरकवून तो भाग पडद्याच्या मध्यावर आणायचा, आणि कोपऱ्याबद्दल शंका आली की आधी आकडे वाचायचे, स्लायडरला हात नंतर लावायचा.

दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवून तुलना करणे हे मात्र अशा पडद्यावर टाळाच. लाइटरूमच्या Compare दृश्यात एक चित्र पडद्याच्या डाव्या भागात आणि दुसरे उजव्या भागात येते, त्यामुळे अगदी एकाच फाइलच्या दोन प्रतीही वेगळ्या रंगाच्या वाटू शकतात. लग्नातल्या एकाच साडीची चाळीस चित्रे जुळवताना याने माणूस वेडा होतो. त्याऐवजी Loupe दृश्यात एकच चित्र मध्यभागी ठेवा आणि बाणाच्या कळीने पुढचे-मागचे पाहा. दोन्ही चित्रे पडद्याच्या त्याच जागेवर येतात आणि दिसणारा फरक खरोखर चित्रांमधलाच असतो.

पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीच्या वस्तुचित्रणात तर डोळ्यांना विचारूच नये. पार्श्वभूमीवर चार कोपऱ्यांत आणि मध्यावर फोटोशॉपचे कलर सॅम्पलर ठेवा आणि पाचही ठिकाणचे आकडे जुळले की काम झाले असे समजा. ग्राहकाला कोपरा मळका वाटला तर तो तुमच्याच मॉनिटरवर दाखवण्याऐवजी त्याच्या फोनवर पाठवा. फोनचा रंग फार अचूक असेल असे नाही, पण एवढ्याशा पडद्यावर मध्य आणि कोपरा यांत सहसा फारसा फरक पडत नाही, आणि वाद तेवढ्यापुरता मिटतो.

बदलून घ्यावा का?

नवा मॉनिटर घेतला असेल तर या सगळ्या चाचण्या परत करण्याची मुदत संपण्याआधी करा. हमीच्या अटींत मृत पिक्सेलबद्दल बहुधा स्पष्ट नियम असतात, पण झाकेबद्दल क्वचितच काही लिहिलेले असते, त्यामुळे मुदतीनंतर दाद मागणे कठीण जाते. मध्यभागातच, म्हणजे मधल्या नऊ खान्यांत, रंगाचा फरक ३ च्या वर असेल तर मी मॉनिटर परत करेन. फक्त एखादा टोकाचा कोपरा बिघडलेला असेल तर करणार नाही, कारण एकाच मॉडेलच्या दोन नगांत मोठा फरक असू शकतो आणि बदलून आलेला नग पहिल्यापेक्षा वाईट निघाल्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. कडेची चौकट ढिली करून किंवा पॅनेल दाबून गळणारा उजेड घालवण्याचे उपाय लोक सुचवतात; त्याने हमी जाते, आणि दाबाने नवा पांढरा डागही उमटू शकतो.

समयांच्या त्या फाइली मी पुन्हा उघडल्या, ग्रेडियंट काढून टाकला आणि उजवा कोपरा मध्यावर सरकवून पाहिला. कागद करडाच होता. आता मॉनिटरच्या त्या कोपऱ्यावर मी पेन्सिलने लिहिलेली एक छोटी चिठ्ठी चिकटवली आहे : ‘गुलाबी, ४.५’.